शिवीगाळीची कमेंट: लपवायची, तक्रार करायची की उत्तर द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपुरातल्या छोट्या धंद्यांची पेज सांभाळणाऱ्यांसाठी आहे: डबेवाले, खानावळी, तर्री-पोह्यांचे ठेले, शिवणकाम, शिकवण्या. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. समजा, मानेवाड्याकडे एक ताई घरून डबे देतात. महिन्याचा दर 2800 रुपयांवरून 3200 केला आणि रविवारी सकाळी तशी पोस्ट फेसबुकवर टाकली. दुपारपर्यंत चाळीसेक कमेंट आल्या. बहुतेक साध्या, पण पाच अशा की वाचताना हात थरथरावेत. त्या पाचांचं काय करायचं, ते खाली एकेक करून येतं.

सगळ्यात आधी काय करायचं?

स्क्रीनशॉट. लपवण्याआधी, तक्रारीआधी, ब्लॉक करण्याआधी. हा क्रम उलटला की नंतर काही हातात राहत नाही. फेसबुककडे केलेली तक्रार मान्य झाली तर कमेंट निघून जाते. ब्लॉक केलं की त्या माणसाचं प्रोफाइल तुम्हाला उघडता येत नाही. आणि त्याने स्वतःच कमेंट पुसली तर तुमच्याकडे फक्त सांगायला उरतं.

नुसत्या कमेंटचा फोटो अपुरा पडतो. चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: तुमची मूळ पोस्ट, पूर्ण कमेंट, लिहिणाऱ्याचं नाव, आणि तारीख-वेळ. मोबाइलवर फेसबुक वेळ "2 तास" अशी दाखवतं. आठवड्याने त्या "2 तास"ला काही अर्थ राहत नाही. म्हणून शक्य असेल तर कॉम्प्युटरवर पेज उघडा आणि कमेंटखालच्या वेळेवर माउस नेऊन ठेवा. पूर्ण तारीख, वार आणि वेळ दिसते. ती दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या, ब्राउझरची पत्त्याची पट्टीही त्यात येऊ द्या. मग त्याच वेळेवर क्लिक करा. पत्त्यात `comment_id` असलेली लिंक येते, ती त्या एकाच कमेंटची लिंक आहे. ती कॉपी करून ठेवा.

नंतर त्याच्या नावावर क्लिक करून प्रोफाइलची लिंकही घ्या. दाखवायचं नाव माणूस केव्हाही बदलतो, इन्स्टाग्रामवर तर वापरकर्तानावही बदलतो. कमेंटपासून प्रोफाइलपर्यंत जाताना अर्ध्या मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर दोन्हींचा दुवा पक्का होतो.

शिवी असेल तर लपवलीच पाहिजे ना?

नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. शिवी किती जहाल आहे यावरून निर्णय घेतला तर तो चुकतो. तीन गोष्टी या क्रमाने बघा.

पहिली, यात कुणाला धोका आहे का? घराचा पत्ता, मुलीची शाळा, "येतो, बघतो" अशी भाषा, लैंगिक धमकी. असेल तर उत्तर-बित्तर विसरा, पुरावा आणि पोलीस.

दुसरी, वार कशावर आहे? डब्यावर, दरावर, उशिरावर असेल तर तो ग्राहकाचा राग आहे, भाषा कितीही वाईट असली तरी. जात, धर्म, शरीर, चारित्र्य, घरच्या बाया यांवर असेल तर त्यात ग्राहक नाही.

तिसरी, त्या शिवीच्या आत असा मुद्दा आहे का, जो वाचून तिसऱ्या माणसाच्या मनात शंका राहील? शिवी देणाऱ्याचं समाधान करणं हे तुमचं काम नाही. पण उद्या डबा लावायचा विचार करणारी एखादी नर्सिंगची विद्यार्थिनी ती कमेंट वाचणार आहे. तिच्या मनात "400 रुपये कशाचे वाढवले?" हा प्रश्न उरत असेल, तर उत्तर द्यायचं. उरत नसेल, तर उत्तराने फक्त शिवीला जागा मिळते. फेसबुक कमेंट "सर्वाधिक संबंधित" क्रमाने लावतं तेव्हा ज्यांवर उत्तरं आणि प्रतिक्रिया जास्त, त्या वर येतात. म्हणजे भांडलात की तीच कमेंट पहिली दिसायला लागते.

"बे", "अबे", "काऊन बे" याला शिवी धरायचं का?

नागपुरात नाही. पुण्याहून कुणी वाचलं तर त्याला अपमान वाटेल, पण इथे दोन मित्रांच्या साध्या वाक्यातही दोनदा "बे" येतो. अनोळखी माणसाने जाहीर लिहिला तर तो उद्धटपणा आहे, शिवीगाळ नाही. पेज सांभाळणारा पोरगा बाहेरगावचा असेल तर त्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो अर्धे ग्राहक लपवून बसेल.

उलटही लक्षात ठेवा. "भाऊ", "दादा", "ताई" म्हणून सुरू होणारी कमेंट सभ्य असेलच असं नाही. सगळ्यात घाण मजकूर कधीकधी "ताई, राग नका मानू" या शब्दांनी सुरू होतो.

आता ती पहिली कमेंट: "चोट्टे आहात बे, 400 रुपये वाढवले अन् भाजी तेवढीच. लुटा लोकायले."

उत्तर द्या. "चोट्टे" ही शिवी आहे, पण ती दरावर आहे, आणि "भाजी तेवढीच" हा मुद्दा वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येणार आहे. ही लपवली तर मुद्दाही लपतो आणि ताईंनी उत्तर टाळलं असं दिसतं.

एक ओळ:

"भाऊ, दर 400 ने वाढला हे खरं, त्यात रविवार रात्रीचा डबा नव्याने आला आहे आणि पूर्ण मेनू पहिल्या कमेंटमध्ये दिला आहे."

यात काय आहे ते बघा. जे खरं आहे ते आधी मान्य केलं. मग एक तपासता येणारी गोष्ट सांगितली. मग पुढे कुठे बघायचं ते. "चोट्टे" या शब्दाला हातही लावला नाही. "तुम्हाला परवडत नसेल तर" असं म्हटलं नाही, "आम्ही प्रामाणिक आहोत" असंही नाही. प्रामाणिकपणा मेनूतून दिसतो. पण रविवारचा डबा खरोखर वाढलेला असेल तरच हे लिहा. काहीच वाढलेलं नसेल तर सरळ लिहा: "भाऊ, डबा तोच आहे, सिलिंडर आणि तेलाचा खर्च वाढल्याने दर वाढवावा लागला." खोटी सोय सांगितली तर चौथ्या दिवशी दुसरा ग्राहक त्याच धाग्यात ती उघडी पाडतो, आणि मग तो शिवी न देताही जास्त नुकसान करतो.

दुसरी: "इथल्या वरणात केस निघाला, कोणी घेऊ नका, भिकारडे."

हीही उत्तराचीच. आणि ही लपवायची चूक सगळ्यात महाग पडते. अन्नाची तक्रार लपवली हे उघड झालं की लोक केसाबद्दल बोलत नाहीत, लपवण्याबद्दल बोलतात. आणि ते उघड होतंच, कारण तक्रार करणारा दुसऱ्याच्या फोनवरून बघतो.

"ताई, कोणत्या तारखेचा डबा होता ते इनबॉक्समध्ये कळवा, त्या दिवसाचे पैसे आजच परत करतो."

इथे दोन मोह टाळायचे. "आमच्याकडे असं होऊच शकत नाही" हा पहिला. तुम्ही त्या डब्याजवळ नव्हता, त्यामुळे हे तुम्हाला माहीत नाही. दुसरा, लगेच लांबलचक माफी. काय झालं ते ठाऊक नसताना सगळं कबूल केलं तर पुढे खोट्या तक्रारीतही तेच वाक्य दाखवलं जातं. तारीख मागणं हा मधला मार्ग आहे. खरा ग्राहक तारीख सांगतो. ज्याने डबा कधी घेतलाच नाही तो बहुधा गप्प होतो, आणि वाचणाऱ्यांना ते दिसतं.

"इनबॉक्समध्ये कळवा" म्हणताना स्वतःचा खासगी नंबर कमेंटमध्ये टाकू नका. पेजवर धंद्याचा नंबर आहे तोच पुरे.

एका ओळीच्या उत्तरात नेमकं काय असावं?

दहा ते पंचवीस शब्द. त्यात एक खरी गोष्ट आणि एक पुढची पायरी. शिवी परत उच्चारायची नाही: "आम्ही चोर नाही" असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात "चोर" हाच शब्द राहतो. विशेषणं नकोत. उद्गारचिन्ह नको. हात जोडलेली इमोजी अशा जागी खोचक वाटते, तीही नको.

"भाऊ" किंवा "ताई" ने सुरुवात केली तर इथे सूर खाली येतो, हे खरं. पण नावावरून खात्री नसेल तर संबोधन गाळा. चुकीचं "भाऊ" हे नव्या भांडणाचं कारण होतं.

उत्तर कमेंटच्या चौकटीत टाइप करू नका. फोनच्या नोंदवहीत लिहा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. लिहिताना जो टोमणा तुम्हाला दिसत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडून लगेच ऐकू येतो.

आणि एकदाच. त्याने पुन्हा शिवी दिली तर दुसरं उत्तर नाही. त्याच्या पुढच्या कमेंटमध्ये नवा मुद्दा असेल तरच बोलायचं.

तिसरी कमेंट ताईंच्या चारित्र्यावर आणि शरीरावर आहे. ती इथे लिहिण्यासारखी नाही.

उत्तर नाही. पुरावा घ्या, मग तक्रार करा, मग लपवा किंवा पुसा. या दोन शब्दांतला फरक इथे नीट समजून घ्यायला हवा.

फेसबुक पेजवर कमेंटशेजारच्या तीन ठिपक्यांतून `Hide comment` केलं की ती कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुक मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना नाही. त्याला सूचना जात नाही. त्याला वाटतं कमेंट जागेवर आहे, म्हणून तो परत येऊन गोंधळ करत नाही. हा लपवण्याचा फायदा.

पण शिवी देणारा बाहेरचा असेल तरच तो पूर्ण फायदा आहे. तो मानेवाड्याचाच असेल, तर त्याचे मित्र म्हणजे तुमचेच ग्राहक, शेजारी, मुलाच्या वर्गातल्या पोरांचे बाप. त्यांना ती दिसतच राहते. लपवून समाधान मानलं आणि दोन दिवसांनी किराणा दुकानात कुणी विषय काढला, असं होतं ते याचमुळे. म्हणून तुमच्या स्वतःच्या खात्यातून त्याचं प्रोफाइल उघडून सामायिक मित्र किती आहेत ते बघा. दोन-चारही असले आणि मजकूर एखाद्या बाईबद्दल असला, तर लपवू नका, पुसाच.

एक अपवाद. पोलिसांकडे जायचं ठरलं असेल तर तक्रार नोंदेपर्यंत फक्त लपवा. लपवलेल्या कमेंटची लिंक जिवंत राहते आणि अधिकाऱ्याला ती तुमच्या समोर उघडून दाखवता येते.

इन्स्टाग्रामवर या कामाला `Restrict` बरं पडतं. ते केलेल्या खात्याच्या तुमच्या पोस्टवरच्या नव्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात, तुम्ही मंजूर केल्या तरच इतरांना. त्याचे मेसेज विनंत्यांमध्ये जाऊन पडतात आणि तुम्ही वाचले की नाही ते त्याला कळत नाही. ब्लॉक केल्यावर जो माणूस नवं खातं काढून येतो, त्याच्यासाठी हे जास्त चांगलं. यूट्यूबवर चॅनेलपासून वापरकर्ता लपवायची सोय आहे, तिथेही त्याला कळवलं जात नाही.

तक्रार करताना कोणतं कारण निवडायचं? सगळ्या मित्रांना रिपोर्ट करायला सांगू का?

मित्रांना सांगू नका. किती जणांनी रिपोर्ट केलं यावर कमेंट काढायची की नाही हे ठरत नाही, मजकूर नियम मोडतो का यावर ठरतं. उलट वीस मित्र म्हणजे वीस जणांनी ती घाण वाचली आणि त्यातल्या तिघांनी खाली भांडण सुरू केलं.

कारण मात्र नेमकं निवडा. घाईत "स्पॅम" दाबलं तर तपासणीही त्याच अंगाने होण्याचा धोका असतो, आणि ती कमेंट स्पॅम नसते. बाईबद्दल घाणेरडं असेल तर छळ किंवा लैंगिक छळ, जातीधर्मावर असेल तर द्वेषपूर्ण भाषा, धमकी असेल तर हिंसा. रिपोर्ट कुणी केलं हे समोरच्याला सांगितलं जात नाही.

वऱ्हाडी शिव्या, त्याही रोमन लिपीत, तपासणीतून निसटतात हे गृहीत धरा. "नियमभंग आढळला नाही" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, फेरतपासणी मागा. तिथेही नकार आला तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याने 24 तासांत पोच द्यायची असते. या तक्रारीत शब्दाचा अर्थ साध्या मराठीत किंवा हिंदीत उलगडून लिहा: हा शब्द आमच्याकडे कशासाठी वापरतात, आणि इथे तो कुणाला उद्देशून आहे. त्या निर्णयावरही समाधान नसेल तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर 30 दिवसांत अपील करता येतं, त्याला फी नाही.

चौथी: स्वयंपाक करणाऱ्या बाईची जात काढून "कोणाच्या हातचं खाता ते पाहा" असं लिहिलं आहे.

या शहरात दीक्षाभूमी आहे. असल्या कमेंटकडे "सोडा हो, लोक बोलतातच" म्हणून बघणं आम्हाला मान्य नाही.

पण पहिला फोन त्या बाईंना करा. अपमान त्यांचा झाला आहे, पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. पेज तुमचं आहे म्हणून तुम्ही परस्पर कमेंट पुसली, तर त्यांच्या तक्रारीचा पुरावा तुम्ही पुसला असं होतं. वर सांगितल्याप्रमाणे सगळं टिपून घ्या, कमेंट लपवा आणि सगळं त्यांना पाठवा.

त्या अनुसूचित जाती किंवा जमातीच्या असतील, तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 3(1)(r) आणि 3(1)(s) इथे पाहिलं जातं: लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान, आणि जातीवाचक शिवीगाळ. अशा गुन्ह्याचा तपास पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो. तक्रारीत जातीचा उल्लेख असलेला शब्द जसाच्या तसा लिहावा लागतो. "जातीवाचक बोलले" एवढंच लिहिलं की तक्रार कमकुवत होते.

इथे उत्तर द्यायचं का? त्या माणसाला नाही. पण बाईंची संमती असेल तर पोस्टवर स्वतंत्र कमेंट म्हणून एक ओळ टाका आणि ती वर पिन करा:

"आमच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या कुणाचीही जात काढलेली इथे चालणार नाही, ती कमेंट लपवली आहे आणि तक्रार केली आहे."

शेवटचे चार शब्द खरे असतील तेव्हाच लिहा.

उत्तर त्याच कमेंटखाली द्यायचं की वेगळं?

शिवी राहू द्यायची असेल, म्हणजे पहिल्या दोन कमेंटसारखी, तर तिच्याच खाली. मूळ कमेंट काढायची असेल तर वेगळं. कारण मूळ कमेंट पुसली की तिच्याखालचं तुमचं उत्तरही जातं. खूप जण चांगलं उत्तर लिहितात, दोन तासांनी संतापून कमेंट पुसतात, आणि मग उत्तर कुठे गेलं ते शोधत बसतात.

यातूनच एक उपयोगी वाट निघते. कमेंटमध्ये घाणही आहे आणि खरा मुद्दाही आहे, असं असेल तर घाण काढा आणि मुद्द्याला स्वतंत्र पिन केलेल्या कमेंटमध्ये उत्तर द्या. कुणाचं नाव न घेता. "दर का वाढला असं काही जणांनी विचारलं आहे" एवढीच सुरुवात पुरे.

पाचवी: "उद्या मानेवाड्यात येतो, तुमची गाडी कुठं उभी राहते माहीत आहे."

उत्तर नाही. "या की, बघून घेऊ" असं तर अजिबात नाही. ते पुढे दोन्ही बाजूंचं भांडण म्हणून वाचलं जातं आणि तुमची तक्रार हलकी होते.

तो आताच दारात येईल अशी भीती असेल तर 112. नसेल तर जवळचं पोलीस ठाणं किंवा शहराचं सायबर पोलीस ठाणं, किंवा cybercrime.gov.in वर ऑनलाइन तक्रार. 1930 हा नंबर ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, धमकीसाठी त्यावर वेळ घालवू नका. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं कुणी म्हणालं तर 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हद्दीबाहेरच्या दखलपात्र गुन्ह्याचीही माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे, हे शांतपणे सांगा. अदखलपात्र गुन्हा म्हणून एनसी, म्हणजे नुसती नोंद, घेतली तरी तिची प्रत मागून घ्या. पुढची धमकी आली तर ही पहिली नोंद कामाला येते.

कंपनीकडे रिपोर्ट करायचं ते पोलीस तक्रारीनंतर. काढून टाकलेला मजकूर तपासासाठी 180 दिवस जपून ठेवावा, असं 2021 चे नियम सांगतात. म्हणजे कमेंट गेली तरी वाट बंद होत नाही, पण सहा महिने घरी बसून विचार करायलाही वेळ नाही.

तक्रारीत कोणती कलमं लिहू?

घटना लिहा, कलमं पोलिसांना लावू द्या. काय लिहिलं, कुठे, कधी, कुणी, त्यामुळे तुम्ही काय बदललं (मुलाला एकटं पाठवणं बंद केलं, गाडी दुसरीकडे लावली), हे जास्त कामाचं आहे.

तरी ओळख असावी म्हणून: भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी 351, शांतता बिघडेल अशा हेतूने केलेल्या अपमानासाठी 352, बदनामीसाठी 356, बाईच्या विनयभंगाच्या हेतूने केलेल्या शब्दांसाठी 79, नको म्हटल्यावरही बाईशी पुन्हा पुन्हा संपर्क साधण्यासाठी 78. अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67.

एक कलम मात्र लिहू नका: त्याच कायद्याचं 66अ. सर्वोच्च न्यायालयाने ते 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरी अजून कुणी तयार अर्ज देतं त्यात ते असतं.

स्क्रीनशॉट ज्या फोनवर घेतले तो फोन फॉर्मॅट करू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात उपकरणाचा तपशील येतो. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला स्क्रीनशॉट कुठून आला हे सांगणं अवघड होतं.

लोकांनी माझ्या पेजवर काही लिहिलं तर मी अडकतो का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये व्हॉट्सअॅप गटाबाबत असं म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असेल तर वेगळं. तो निर्णय गटाबद्दल आहे, फेसबुक पेजबद्दल नाही, त्यामुळे ताणून वापरू नका. व्यवहारात एवढं सांभाळा की शिवीला पेजकडून लाइक, हसण्याची इमोजी किंवा शेअर जाऊ नये. प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या शिवीवर तर मुळीच नाही.

शिव्यांचे शब्द आधीच अडवता येतात का?

येतात. फेसबुक पेजच्या सेटिंगमध्ये, इन्स्टाग्रामच्या `Hidden Words` मध्ये आणि यूट्यूब स्टुडिओमध्ये शब्दांची यादी देता येते. यादीतला शब्द आला की कमेंट आपोआप लपते किंवा तपासणीसाठी थांबते.

प्रत्येक शब्द देवनागरीत आणि रोमनच्या दोन-तीन रूपांत द्या. पण आधी विचार करा. `chotta` हा शब्द अडवला तर "chotta dabba milel ka" असं विचारणारा ग्राहकही अडकतो, कारण लोक "छोटा"सुद्धा असाच लिहितात. "चोर", "लूट", "महाग" हे शब्द यादीत टाकू नका, त्यांच्यासोबत खऱ्या तक्रारी येतात. यादी शरीराच्या, आईबहिणीच्या आणि जातीवाचक शिव्यांपुरती ठेवा, आणि लपलेल्या कमेंट रोज रात्री एकदा चाळा. न चाळता सोडलेली यादी महिन्याभरात चार-दोन चांगल्या ऑर्डर खाते.

गूगल मॅपवरच्या शिवीगाळीच्या रिव्ह्यूचं काय?

तिथे मालकाला लपवता किंवा पुसता येत नाही. रिपोर्ट करा किंवा उत्तर द्या, एवढंच. गूगल शिवीगाळ, द्वेष आणि विषयाशी संबंध नसलेला मजकूर काढतं, पण "चव भिकार आहे" हे मत म्हणून राहतं, कितीही अन्याय्य वाटलं तरी. तिथे उत्तर मालकाच्या नावाने कायम दिसतं, म्हणून एका ओळीचा नियम तिथे जास्तच पाळा. उत्तर नंतर सुधारता येतं. रागाच्या भरात लिहिलेलं असेल तर आजच सुधारा.

कोणत्या कमेंटला काहीच करायचं नाही?

"फालतू", "बंद करा", नुसती उलटा अंगठा किंवा हसण्याची इमोजी, "आमच्या इथे याहून स्वस्त". त्यात धोका नाही, कुणाच्या जातीवर-शरीरावर वार नाही, आणि वाचणाऱ्याला पडेल असा प्रश्नही नाही. ताईंच्या त्या चाळीस कमेंटमध्ये अशा सात-आठ असतीलच. त्या तशाच खाली सरकतात.